सहा वर्षांच्या मुलीची नाडी ११८, चौदा वर्षांच्या मुलाची ४६: कुठल्या आकड्याकडे बघायचं?

प्रश्न: "माझं घड्याळ मुलीच्या (वय ६) हाताला बांधून बघितलं, तर सोफ्यावर बसलेली असतानाही ११८ दाखवलं. बोटाच्या ऑक्सिमीटरवर पण ११५ ते १२०. मुलगा १४ वर्षांचा आहे, रोज फुटबॉल खेळतो, त्याच्या घड्याळात रात्री ४६ आलं. माझे स्वतःचे ७२ असतात. अ‍ॅप दोघांनाही 'नॉर्मलच्या बाहेर' म्हणतंय. दोघांनाही डॉक्टरांकडे न्यायचं का?"

तुम्ही दिलेल्या माहितीवरून आज रात्री धावपळ करण्यासारखं मला काही दिसत नाही. मुलीचा आकडा तिच्या वयाच्या वरच्या बाजूला आहे, तो नीट पद्धतीने पुन्हा मोजायला हवा. मुलाच्या बाबतीत दोन-तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की कळेल. अ‍ॅपने लावलेली ६० ते १०० ही पट्टी प्रौढांची आहे, तीही शांत बसलेल्या प्रौढाची. ती सहा वर्षांच्या मुलीला लावली की ती उगाच 'जास्त' ठरते आणि झोपलेल्या खेळाडू मुलाला लावली की तो 'कमी' ठरतो. त्याचबरोबर ज्या थोड्या मुलांच्या नाडीकडे खरंच लक्ष द्यायला हवं, तीही याच पट्टीमुळे सुटू शकतात. म्हणून तुमच्या दोन्ही मुलांचं जरा सविस्तर सांगतो. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि घड्याळाचे स्क्रीनशॉट घेऊन येणारे पालक हा आता माझ्या ओपीडीचा रोजचा भाग आहे.

आधी लहान मुलांचे ठोके जास्त का असतात ते बघू. साधारण २० किलोच्या मुलीचं हृदय एका ठोक्याला जवळपास ३० मिली रक्त ढकलतं. मोठ्या माणसाचं हृदय ७० मिली ढकलतं. मुलीचे मिनिटाला ९५ ठोके धरले तर मिनिटाला साधारण पावणेतीन लिटर रक्त फिरतं. तुमचे ७० धरले तर पाच लिटरच्या आसपास. आता हे वजनाला भागून बघा: तिला दर किलोमागे मिनिटाला जवळपास १४० मिली रक्त मिळतंय, तुम्हाला ७०. वाढत्या शरीराची प्राणवायूची गरज दर किलोमागे मोठ्यांपेक्षा बरीच जास्त असते, आणि लहान हृदयाला एका ठोक्यात फार रक्त टाकता येत नाही. त्यामुळे ती गरज ठोके वाढवूनच भागते. तिची नाडी तुमच्यासारखी ७२ असती तर तिच्या वाट्याला येणारं रक्त चौथ्या हिश्श्याने कमी झालं असतं. शिवाय हृदयाची गती आवरून धरणारी व्हेगस नावाची नस असते, तिचा प्रभाव वयाबरोबर वाढत जातो. या दोन कारणांमुळे नाडी दर वर्षी थोडी थोडी उतरते आणि पंधरा-सोळाव्या वर्षी मोठ्यांच्या जवळ येते.

आता आकडे. जन्मानंतर नाडी आधी थोडी वाढते, एक महिन्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि मग उतरायला लागते. पहिल्या तीन महिन्यांत शांत बाळाचे मधले मूल्य १४० च्या पुढे असते. दोन वर्षांच्या आसपास ते ११० ते ११५ वर येतं. सहा ते आठ वर्षांत ९० च्या थोडं पुढे, बारा ते पंधरा वर्षांत ७८ च्या आसपास, आणि पंधरा ते अठरामध्ये ७३. हे झाले मधले आकडे. निरोगी मुलांचा पसारा मात्र याच्या दोन्ही बाजूंना खूप मोठा असतो. सहा ते आठ वर्षांच्या शंभर निरोगी मुलांची शांत असताना नाडी मोजली, तर त्यातल्या ९८ जणांची साधारण ५९ ते १२३ मध्ये सापडते. तुमच्या मुलीचे ११८ त्या पसाऱ्याच्या आत आहेत, पण वरच्या टोकाजवळ. मी पुन्हा मोजायला सांगतोय ते त्यासाठीच.

मोजताना मूल कुठल्या अवस्थेत आहे याला आकड्याइतकंच महत्त्व आहे. सोफ्यावर बसलेलं मूल आणि विश्रांतीत असलेलं मूल यात फरक आहे. सहा वर्षांची मुलगी पाच मिनिटांपूर्वी घरभर पळत होती का, आईबाबांचं घड्याळ पहिल्यांदा हाताला बांधलं म्हणून ती उत्साहात होती का, स्क्रीनवर आकडा बदलताना बघून ती मुद्दाम श्वास रोखत होती का, हे सगळं त्या ११८ मध्ये मिसळलेलं असतं. मुलांची नाडी रागाने, भीतीने, हसण्याने पाहता पाहता वीस-तीसने वर जाते. दवाखान्यात माझ्यासमोर बसलेल्या मुलाची नाडी घरच्यापेक्षा जास्त येणार हे मी गृहीतच धरतो.

म्हणून मी पालकांना झोपेतली नाडी मोजायला सांगतो. मुलगी झोपल्यावर तास-दीड तास जाऊ द्या. गाढ झोपेत असताना घड्याळ किंवा ऑक्सिमीटर न लावता आधी हाताने मोजा. तर्जनी आणि मधलं बोट तिच्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, हलकेच ठेवा. स्वतःचा अंगठा वापरू नका, त्यात तुमचीच नाडी जाणवते. सापडलं नाही तर छातीच्या डाव्या बाजूला तळहात ठेवा, लहान मुलांची छाती पातळ असते, ठोका हाताला लागतो. पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय मोठ्यांना चालते, पण मुलांची नाडी श्वासाबरोबर कमी-जास्त होत असते, आणि पंधरा सेकंदांत एक-दोन ठोके चुकले तर हिशोबात चार-आठ ठोक्यांचा फरक पडतो. सलग तीन रात्री मोजा, तारखेसह लिहून ठेवा. या वयात झोपेतली नाडी साधारण ६० ते ९० मध्ये असावी.

दोन मुलांची गोष्ट सांगतो, म्हणजे या मोजणीने काय कळतं ते लक्षात येईल. दोघांच्याही घरचा जागेपणीचा आकडा जवळपास सारखाच होता, १२० च्या आगेमागे. पहिल्या मुलीच्या आईने आणलेल्या नोंदी नीट वाचल्या तेव्हा दिसलं की सगळी मोजमापं संध्याकाळी, खेळून घरी आल्यावर घेतली होती. झोपेत मोजायला सांगितलं, तर ८० ते ८४. मुलगी खाते-पिते, वजन वाढतंय, खेळताना दमत नाही. तिला तपासून, छाती ऐकून मी तिथेच थांबलो. दुसऱ्या मुलाची झोपेतली नाडीही ११० च्या खाली येत नव्हती. त्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू आणि तळहात फिके होते, आणि आईने विचारल्यावर आठवून सांगितलं की तो हल्ली जिना चढताना मध्येच बसतो. रक्तातलं हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. लोहाचं औषध सुरू झालं आणि हिमोग्लोबिन जसं वर आलं तशी झोपेतली नाडी खाली आली. सोफ्यावर दोघांचा आकडा एकच होता, झोपेतला वेगळा होता. उत्साह आणि धावपळ झोपेत उतरतात. रक्त कमी असणं, थायरॉइड जास्त काम करत असणं, किंवा हृदयावरचा ताण मात्र झोपेतही तसाच राहतो.

ताप हे जास्त नाडीचं सर्वांत नेहमीचं कारण. अंगातलं तापमान एक अंश सेल्सियसने वाढलं की नाडी साधारण दहाने वाढते. म्हणजे जिची नेहमीची नाडी ९५ आहे ती ३९ अंश तापात ११५ वर असेल, आणि रडत असेल तर आणखी वर. त्यात हृदयाचा दोष काही नाही. दम्यासाठी साल्ब्युटामॉलचा पंप किंवा वाफ दिली तरी काही वेळ नाडी वाढते, हाताला थोडा कंपही सुटतो. तापाच्या मुलात मी तापाबरोबर नाडीही उतरते का हे बघतो. औषधाने ताप ३७.५ वर आला, मूल शांत पडलेलं आहे, तरी नाडी तेवढीच वर आहे, हातपाय गार आहेत, कित्येक तास लघवी झालेली नाही किंवा श्वास जोरात चालला आहे, तर ते मूल त्याच दिवशी, उशीर न करता दाखवायचं. उलट्या-जुलाबात पाणी कमी पडलं तरीही असंच होतं. शरीर रक्ताचं कमी पडलेलं प्रमाण ठोके वाढवून भरून काढत असतं, आणि मुलांमध्ये रक्तदाब पडण्याच्या बराच आधी नाडी वाढते.

आता मुलाचे ४६. रोज पळणाऱ्या मुलाचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, त्यामुळे विश्रांतीत त्याला कमी ठोके पुरतात. झोपेत व्हेगस नसेचा प्रभाव सगळ्यात जास्त असतो, म्हणून किशोरवयीन खेळाडूंमध्ये गाढ झोपेत ४० ते ५० मधले आकडे दिसतात. घड्याळ बऱ्याचदा रात्रीतला सर्वांत खालचा क्षण पकडून तो ठळक दाखवतं. तोच आलेख उघडून पूर्ण रात्र बघा. बहुतेक रात्र ५० ते ६० मध्ये आणि अधूनमधून ४६ असं असेल तर ते या वयाला आणि खेळाला धरून आहे.

पण तीन गोष्टी विचारल्याशिवाय मी 'खेळाडूचं हृदय' असं म्हणून सोडून देत नाही. पहिली, नाडी गरजेप्रमाणे वर जाते का? त्याला दोन-तीन मजले भराभर चढायला सांगा आणि लगेच हाताने मोजा. ती सहज १२० च्या पुढे जायला हवी आणि काही मिनिटांत उतरायला हवी. सामन्यात तो पूर्वीइतकाच पळतोय ना, हेही विचारा. दुसरी, त्याला कधी चक्कर किंवा बेशुद्धी आली आहे का, विशेषतः पळताना? रांगेत बराच वेळ उभं राहून चक्कर येणं आणि धावता धावता कोसळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरा प्रकार एकदाच झाला असला तरी हृदयरोगतज्ज्ञांनी बघेपर्यंत खेळ बंद. घरात कोणाचा पन्नाशीच्या आत अचानक मृत्यू झाला असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तिसरी गोष्ट पालकांच्या लक्षातच येत नाही: तो जेवतोय का? गेल्या काही महिन्यांत वजन झपाट्याने उतरलं आहे का, जेवण टाळणं, मोजूनमापून खाणं, व्यायामाचा अतिरेक असं काही दिसतंय का? पुरेसं अन्न न मिळालेलं शरीर ऊर्जा वाचवायला हृदय मंद करतं. अशा मुलामुलींची नाडी दिवसा जागेपणी ५० च्या खाली आली तर ती दवाखान्यात दाखल करण्याइतकी गंभीर बाब धरली जाते. बाहेरून मूल चपळ, शिस्तीचं, खेळात पुढे दिसतं, आणि घड्याळातला कमी आकडा बघून घरचे त्याचं कौतुक करत असतात. मुलींमध्ये पाळी थांबणं ही त्यासोबतची मोठी खूण. तुमचा मुलगा पोटभर जेवत असेल, उंची-वजन वाढत असेल, तर ही शंका बाजूला ठेवा. तरीही, नियमित खेळणाऱ्या मुलाचा एक साधा ईसीजी पुढच्या भेटीत काढून ठेवायला हरकत नाही. मंद ठोक्यांमागे हृदयातल्या विद्युतमार्गाचा अडथळा असेल तर तो त्यात दिसतो.

आता यंत्राबद्दल. घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची लाट मोजतं. सहा वर्षांच्या मनगटावर मोठ्यांचं घड्याळ नीट टेकतच नाही, पट्टा शेवटच्या भोकात अडकवला तरी खालून फट राहते. हात हलला की यंत्र हालचालीलाच लाट समजतं. पळताना तर पावलांचा वेगच नाडी म्हणून दाखवला जातो. खेळण्याच्या मध्यात अचानक १७० वर जाऊन तिथेच चिकटलेला आकडा कधी कधी पावलांचा असतो. बोटाच्या ऑक्सिमीटरवर दोन आकडे असतात. `%SpO2` म्हणजे प्राणवायू आणि `PRbpm` म्हणजे नाडी. घाबरलेल्या पालकांकडून हे दोन उलटसुलट वाचले जातात, विशेषतः दोन्ही नव्वदीत असतील तेव्हा. बोट गार असेल, नखांना रंग असेल किंवा छोटं बोट मोठ्या चिमट्यात सैल बसलं असेल तर दोन्ही आकडे बिघडतात. स्क्रीनवरची उभी पट्टी किंवा लाट एकसारखी, तालात वरखाली होत नसेल तर तो आकडा लिहूच नका. हाताने मोजलेली नाडी आणि `PRbpm` यांत पाच-सातपेक्षा जास्त फरक असेल, तर त्या क्षणी यंत्राचा प्राणवायूचा आकडाही भरवशाचा नाही.

घड्याळाने उद्या 'अनियमित ताल' असं काही सांगितलं तर त्याबद्दलही आताच सांगून ठेवतो. श्वास आत घेताना ठोके जवळ येणं आणि सोडताना लांब होणं याला सायनस अ‍ॅरिथमिया म्हणतात. नावात 'अ‍ॅरिथमिया' असलं तरी मुलांमध्ये आणि किशोरवयात ते निरोगी हृदयाचं लक्षण आहे. मुलाला थोडं चालवून मग मोजा, नाडी वाढली की तो फरक बहुतेक पुसला जातो. अनियमित ताल ओळखायची सोय बऱ्याच घड्याळांत फक्त प्रौढांसाठी तपासलेली असते, सोबतच्या माहितीपत्रकात वयाची अट असते, ती वाचा.

जे सुटता कामा नये ते वेगळंच दिसतं. एसव्हीटी नावाचा प्रकार असतो, त्यात हृदयातला विद्युतप्रवाह एका वळशात अडकतो. मूल शांत बसून चित्र काढतंय आणि एकदम म्हणतं, "छातीत धडधडतंय," किंवा लहान असेल तर, "पोटात काहीतरी उडतंय." नाडी ९० वरून हळूहळू चढत नाही, क्षणात २०० च्या पुढे जाते. आणि मग ती तिथेच राहते: मूल रडलं तरी २१०, शांत झालं तरी २१०, झोपवलं तरी २१०. संपतानाही बटण बंद केल्यासारखी एकदम संपते. ताप, रडणं, पळणं यांनी वाढलेली नाडी असं वागत नाही. ती चढते-उतरते, मुलाच्या वागण्याबरोबर बदलत राहते. म्हणून मी नुसता सर्वांत वरचा आकडा ऐकून ठरवत नाही. तो आकडा आला कसा, थांबला कसा, आणि मधल्या वेळात हलत होता की स्थिर होता हे विचारतो. असं झालं तर मोबाइलवर मुलाचा चेहरा आणि यंत्राचा स्क्रीन एकत्र दिसेल असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या आणि ठोके चालू असतानाच ईसीजी निघेल अशा ठिकाणी न्या. थांबल्यावर काढलेला ईसीजी बहुतेकदा अगदी नॉर्मल येतो, आणि मग निदानाला महिने लागतात.

लगेच न्यायचं ते असं: ताप नाही, रडणं नाही, तरी विश्रांतीत नाडी १८० च्या वर टिकून राहिली. एक वर्षाच्या आतल्या बाळात हीच सीमा २२० ची, आणि बाळ एरवीपेक्षा कमी दूध ओढत असेल, दूध पिताना घामाने भिजत असेल किंवा राखाडी, फिकं दिसत असेल तर आकड्याची वाटच बघू नका. बेशुद्धी, धावताना छातीत दुखणं, ओठ निळे पडणं, धाप लागून बोलता न येणं यांतलं काही असेल तर घड्याळात ८० दिसत असले तरी निघा.

तुमच्या मुलीसाठी या आठवड्यात तीन रात्रींची झोपेतली नोंद करा. ती ९० च्या आत असेल, मूल खेळतं-जेवतं असेल, तर नेहमीच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा एवढं पुरे. ९० ते १०० मध्ये असेल तर ताप आणि सर्दी पूर्ण गेल्यावर पुन्हा तीन रात्री मोजा. १०० च्या वरच राहत असेल तर दोन-चार दिवसांत भेट घ्या. सोबत नोंदीचा कागद न्या आणि प्रत्येक आकड्यासमोर वेळ, तापमान, ती काय करत होती, कुठलं औषध घेतलं होतं आणि आकडा हाताने मोजला की यंत्राने, हे लिहिलेलं असू द्या. मुलाची वजन-उंचीची मागच्या वर्षाची नोंद मिळाली तर तीही त्याच कागदावर लिहा.